मूळ संख्येची उलटतपासणी

ई-टेंडर भरणाऱ्या कंत्राटदाराकडे किंवा सीएच्या ऑफिसात यूएसबीचे एक छोटे टोकन असते. त्याला सगळे डोंगलच म्हणतात. डिजिटल सहीचे नवे प्रमाणपत्र त्यात उतरवून घेताना एका टप्प्यावर पडद्यावरचे सगळे थांबते. कधी पाच सेकंद, कधी वीस, कधी त्याहून जास्त. टोकन तेच, संगणकही तोच असला तरी दोन वेळा सारखा वेळ लागेल असे नाही. समोरचा माणूस इंटरनेटला दोष देतो, पण त्या क्षणी इंटरनेटचा काही संबंध नसतो. टोकनातली नखाएवढी चिप तेव्हा दोन मूळ संख्या शोधत असते. २०४८ बिटांची आरएसए किल्ली बनवायची तर प्रत्येकी १०२४ बिटांच्या, म्हणजे ३०९ अंकांपर्यंतच्या, दोन मूळ संख्या लागतात. त्यांचा गुणाकार जगजाहीर होतो आणि त्या दोघी गुप्त राहतात. हे पुस्तक त्या काही सेकंदांविषयी आहे.

शाळेत मूळ संख्या ओळखायला आपण भागाकार शिकलो. दिलेल्या संख्येला २, ३, ५, ७ असे भागत जायचे आणि वर्गमुळापर्यंत कोणाचाच भाग गेला नाही तर ती मूळ. ३०९ अंकी संख्येचे वर्गमूळ सुमारे १५५ अंकी येते. सेकंदाला एकावर अठरा शून्ये इतके भागाकार करणारे यंत्र मिळाले आणि ते विश्वाच्या जन्मापासून आजपर्यंत अखंड चालू राहिले, तरी त्याचे जेमतेम छत्तीस अंकी संख्येइतके भागाकार झाले असते. करायचे आहेत १५५ अंकी संख्येइतके. तेव्हा यंत्राचा वेग वाढवून हा प्रश्न सुटणार नाही.

आरएसएची सगळी सुरक्षितता ‘एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव कोणाला पाडता येत नाहीत’ यावरच उभी आहे. अवयव पाडता येत नसतील तर संख्येला अवयव आहेत की नाहीत हे तरी कसे कळणार? इथे वाचक अडखळतो, आणि अडखळायलाच हवे. अवयव सापडणे आणि अवयव आहेत एवढे कळणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा अतोनात सोपे आहे. न्यायालयात आरोपीने पैसे कुठे पुरले ते न सांगताही तो खोटे बोलतोय हे उलटतपासणीत उघड होऊ शकते, तसेच काहीसे.

त्याआधी एक हिशेब उरकून घेऊ. मोठ्या संख्यांत मूळ संख्या किती विरळ असतात? मूळ संख्यांचा प्रमेय सांगतो की एखाद्या संख्येच्या आसपास साधारण तिच्या नैसर्गिक लॉगरिदमइतक्या संख्यांमागे एक मूळ संख्या असते. १०२४ बिटांच्या टोकाशी हा लॉगरिदम ७१० येतो. म्हणजे ७१० संख्यांमागे एक, आणि सम संख्या मुळातच बाजूला काढल्या तर ३५५ विषम संख्यांमागे एक. ३०९ अंकी जंगलात हे प्रमाण आश्चर्य वाटावे इतके उदार आहे. एकूण मूळ संख्या म्हणाल तर एकावर ३०५ शून्ये इतक्या आहेत, त्यामुळे ‘सगळ्यांनी वापरून संपतील का’ ही शंका बाजूला ठेवावी. शोधण्याची रीत साधी आहे: १०२४ बिट यादृच्छिकपणे निवडायचे, शेवटचा बिट १ करायचा म्हणजे संख्या विषम होते, वरचे दोन बिटही १ करायचे म्हणजे दोघींचा गुणाकार नक्की २०४८ बिटांचा भरतो, आणि मग तपासायचे. नापास झाली तर दुसरी घ्यायची. सरासरी ३५५ वेळा, पण ती सरासरी आहे. दर सोळा-सतरा खेपांतून एखादी खेप अशी निघते की हजार संख्या तपासूनही एक मिळत नाही. डोंगलला कधी पाच आणि कधी वीस सेकंद का लागतात त्याचे उत्तर इथेच आहे.

तपासणीचे मूळ पिएर द फर्मा याच्या १६४० मधल्या एका पत्रात आहे. मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा लहान कोणतीही संख्या पाया म्हणून घ्या, आणि पायाचा घात मूळ संख्येपेक्षा एकाने कमी इतका करा. त्याला त्या मूळ संख्येने भागल्यावर बाकी नेहमी १ उरते. हा नियम मूळ संख्येला चुकत नाही. म्हणून बाकी १ उरली नाही तर संख्या संयुक्त, तिथे शंकेला जागाच नाही आणि अवयव पाहण्याची गरजही नाही.

हे ९१ वर करून पाहू. पाढे पाठ नसलेल्याला ९१ हमखास मूळ वाटते. तेरा साते एक्याण्णव हे ज्याच्या जिभेवर आहे तोच वाचतो. पाया २ घेतला तर २ चा ९० वा घात हवा. नव्वद वेळा गुणायची गरज नाही. वर्ग करत जायचे आणि दर पायरीला ९१ ने भागून बाकी ठेवायची. २ चा वर्ग ४, त्याचा १६, त्याचा २५६ म्हणजे बाकी ७४, त्याचा ५४७६ म्हणजे बाकी १६, मग पुन्हा ७४, पुन्हा १६. हे झाले २ चे दुसरा, चौथा, आठवा, सोळावा, बत्तिसावा आणि चौसष्टावा घात. नव्वद म्हणजे ६४ अधिक १६ अधिक ८ अधिक २, म्हणून १६, १६, ७४ आणि ४ यांचा गुणाकार, पुन्हा बाकी ठेवत. उत्तर ६४. एक नाही, म्हणून ९१ संयुक्त. सात आणि तेरा या गणितात कुठेच आले नाहीत.

वर्ग करत जाण्याच्या या युक्तीवरच सारे उभे आहे. घात ३०९ अंकी असला तरी वर्ग करावे लागतात सुमारे १०२४, आणि मधले गुणाकार फार तर तेवढेच. दर पायरीला बाकी ठेवल्यामुळे आकडा कधी फुगत नाही. साध्या लॅपटॉपला असा एक घात काढायला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. त्यातही ३५५ वेळा हा घात काढायची वेळ येत नाही, कारण आधी स्वस्तातली चाळणी लावलेली असते. हजाराच्या आतल्या मूळ संख्या १६८ आहेत. त्यांपैकी कोणाचाही भाग जातो का एवढे पाहिले तरी मूळच्या ७१० संख्यांतल्या सरासरी ५८ च उरतात. बाकीच्या सहाशेपन्नासांना घाताच्या दारापर्यंत जायचीच वेळ येत नाही. शाळेतला भागाकार अशा रीतीने कामाला येतो, फक्त निकाल देण्याचे काम त्याच्याकडे नसते.

आता ९१ ला पाया ३ देऊन पाहा. ३ चा सहावा घात ७२९, म्हणजे ९१ आठे ७२८ अधिक एक. बाकी १. नव्वद ही सहाच्या पटीत असल्यामुळे ३ च्या ९० व्या घाताचीही बाकी १. म्हणजे ३ ने विचारले तर ९१ बिनदिक्कत मूळ संख्या असल्याचा आव आणते. १ ते ९० यांतले तब्बल ३६ पाये असे फसतात. यावर उपाय पाया बदलण्याचा, आणि बहुतेक संयुक्त संख्यांना तो पुरतो. पण काही संख्या त्यालाही पुरून उरतात. सर्वांत लहान ५६१, म्हणजे ३, ११ आणि १७ यांचा गुणाकार. तिच्याशी सहमूळ असलेला कोणताही पाया घ्या, बाकी १ च येते. अशा संख्यांना कार्मायकल संख्या म्हणतात. रॉबर्ट कार्मायकल यांनी १९१० मध्ये त्यांवर लिहिले. त्या अनंत आहेत हे मात्र १९९४ मध्ये आल्फर्ड, ग्रॅनव्हिल आणि पॉमरन्स यांनी सिद्ध केले. मोठ्या कार्मायकल संख्येचे सगळे अवयव मोठे असतील तर तिच्याशी सहमूळ नसलेला पाया योगायोगाने हाती लागणे अशक्यप्राय. तिथे फर्माची कसोटी दिवसभर चालवली तरी हरते.

तोड निघाली ती एका लहानशा निरीक्षणातून. एखाद्या संख्येचा वर्ग केला आणि मूळ संख्येने भागून बाकी १ आली, तर ती संख्या १ असते नाहीतर वजा १ (म्हणजे मूळ संख्येहून एकाने कमी), तिसरी शक्यता नाही. कारण वर्गातून १ वजा केल्यावर दोन अवयव मिळतात, एक संख्येहून एकाने कमी आणि एक एकाने जास्त. मूळ संख्येला या दोघांच्या गुणाकाराला भागायचे तर दोहोंपैकी एकाला पुरते भागावे लागते. अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे तिला करता येत नाही. संयुक्त संख्येला ते करता येते, आणि ती नेमकी तिथेच सापडते.

९१ ला पुन्हा पाया ३ द्या, पण थेट ९० व्या घाताला न जाता आधी त्याच्या निम्म्याला, ४५ व्या घाताला थांबा. बाकी २७ येते. २७ चा वर्ग ७२९, बाकी १. म्हणजे २७ हे १ चे वर्गमूळ झाले आणि ते १ ही नाही, ९० ही नाही. फर्माला फसवून गेलेल्या त्याच ३ ने आता ९१ ला पकडून दिले. बोनस म्हणून, २७ वजा १ म्हणजे २६ आणि ९१ यांचा मसावि काढा, १३ मिळतो. २८ आणि ९१ यांचा काढा, ७ मिळतो.

५६१ चेही तसेच. तिच्यातून एक वजा केला की ५६०, म्हणजे ३५ ला चार वेळा दुप्पट केलेले. २ च्या ३५ व्या घाताची बाकी २६३. मग वर्ग करत चला: १६६, मग ६७, मग १. इथे ६७ ने घोटाळा उघड केला. ६६ आणि ५६१ यांचा मसावि ३३, ६८ आणि ५६१ यांचा १७. तेहतीस सतरे पाचशे एकसष्ट. दोन्ही उदाहरणांत अवयव हाती आले म्हणून वाचकाने हुरळून जाऊ नये. यादृच्छिक निवडलेली मोठी संयुक्त संख्या जवळजवळ नेहमी फर्माच्याच पायरीवर नापास होते, अशी वर्गमुळे दाखवण्यापर्यंत पोहोचतच नाही. तिचे अवयव गुप्तच राहतात.

हीच मिलर-राबिन चाचणी. गॅरी मिलर यांनी १९७६ मध्ये तिचा पाया घातला, तो एका न सुटलेल्या गृहीतकाच्या, विस्तारित रीमान गृहीतकाच्या, भरवशावर. मायकेल राबिन यांनी गृहीतक काढून टाकले आणि त्या जागी यादृच्छिक पाया आणला. त्यांचा पूर्ण निबंध १९८० चा. मधल्या काळात, १९७७ मध्ये, सोलोव्हे आणि श्ट्रासेन यांची जरा वेगळी कसोटी आली होती. १९७८ च्या मूळ आरएसए निबंधात शिफारस आहे ती त्यांच्याच कसोटीची. पुढे व्यवहारात मिलर-राबिन टिकली, कारण ती लिहायला सोपी आणि पकडीला घट्ट आहे. तिचा गाभा एवढाच आहे:

```
def sakshidar(n, a):
    d, s = n - 1, 0
    while d % 2 == 0:
        d, s = d // 2, s + 1
    x = pow(a, d, n)
    if x in (1, n - 1):
        return False
    for _ in range(s - 1):
        x = x * x % n
        if x == n - 1:
            return False
    return True
```

`True` आले तर पाया हा संख्या संयुक्त असल्याचा साक्षीदार आहे, आणि ती साक्ष गणिती पुराव्याइतकी पक्की. `False` आले तर त्या पायाला काही सापडले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘संभाव्यता’ हा शब्द इथे पहिल्यांदा खऱ्या अर्थाने येतो, आणि त्याविषयीचे गैरसमज मी इंजिनिअरिंगच्या वर्गांतही पुन्हा पुन्हा ऐकले आहेत. संख्या एकतर मूळ असते नाहीतर नसते. ‘ती नव्व्याण्णव टक्के मूळ आहे’ असे काही नसते. अनिश्चितता आहे ती आपण निवडलेल्या पायात. राबिन यांनी सिद्ध केले ते असे: कोणतीही विषम संयुक्त संख्या घ्या, तिच्याबाबत फसणारे पाये एकूण पायांच्या चौथाईहून जास्त असूच शकत नाहीत. ‘कोणतीही’ या शब्दावर जोर द्यावा. कार्मायकल असो वा आणखी कोणी, सूट कोणाला नाही. ९१ च्या बाबतीत फर्माला फसवणारे ३६ पाये होते, मिलर-राबिनला फसवणारे निम्मे, १८ उरतात. ९, १० आणि १६ त्यांत आहेत. नव्वदांत अठरा म्हणजे पाचात एक, आणि ९१ तशी कोडगी संख्या आहे. बहुतेक संयुक्त संख्यांना एवढेही साधत नाही. पाया यादृच्छिक निवडला तर चकण्याची शक्यता फार तर चौथाई, स्वतंत्रपणे दुसरा निवडला तर सोळांश, आणि असे चाळीस पाये निवडले तर ती शक्यता चोवीस अंकी संख्येत एकाहूनही कमी होते.

राबिन यांच्या सुरुवातीच्या काळातला एक दाखला सांगण्यासारखा आहे. वॉन प्रॅट यांच्या प्रोग्रॅमवर ही चाचणी चालवून २ च्या ४०० व्या घाताहून लहान अशी सर्वांत मोठी मूळ संख्या शोधली गेली: २ चा ४०० वा घात वजा ५९३. एकशेवीसवर अंकांची ती संख्या त्या वेळी ‘बहुधा मूळ’ म्हणून जाहीर झाली. ती खरोखरच मूळ आहे. चाचणीच्या बळावर थेट ‘मूळ आहे’ म्हणण्याचा आत्मविश्वास तेव्हा काही गणितज्ञांना पटला नव्हता, आणि त्यांचा आक्षेप तत्त्वतः बरोबरच होता. प्रश्न असा की तो आक्षेप व्यवहारात किती मोठा.

मग चौथाईचा हिशेब धरून किल्ली बनवणारे प्रोग्रॅम खरोखर चाळीस-चाळीस पाये वापरतात का? काही वापरतात. पण अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेच्या FIPS 186-4 मध्ये १०२४ बिटांच्या मूळ संख्येसाठी पाचच फेऱ्या सांगितल्या होत्या. चौथाईने मोजले तर पाच फेऱ्यांत चूक १०२४ मध्ये एक. एवढ्याशा खात्रीवर कोणी बँक चालवणार नाही. पण त्याच मानकातली तालिका चुकीची शक्यता २ च्या ११२ व्या घातात एक इतकी कमी मांडते. ही तफावत नीट समजून घेतल्याखेरीज या विषयातले पुढचे काही समजत नाही, म्हणून इथे थांबतो.

चौथाईची हमी सर्वांत वाईट संख्येसाठी आहे, जणू शत्रूने निवडून दिलेल्या संख्येसाठी. किल्ली बनवताना संख्या शत्रू देत नाही, आपण स्वतः यादृच्छिक निवडतो. आणि यादृच्छिक निवडलेल्या मोठ्या संयुक्त संख्यांत ९१ सारख्या कोडग्या संख्या अगदीच दुर्मिळ असतात. बहुतेकींच्या बाबतीत फसणाऱ्या पायांचे प्रमाण चौथाई नव्हे, जवळजवळ शून्य असते. डॅमगार्ड, लँड्रॉक आणि पॉमरन्स यांनी १९९३ मध्ये याचा काटेकोर हिशेब मांडला. ६०० बिटांची विषम संख्या यादृच्छिक निवडली आणि ती मिलर-राबिनच्या एकाच फेरीत पास झाली, तर ती संयुक्त असण्याची शक्यता २ च्या ७५ व्या घातात एकाहून कमी. एका फेरीत! संख्या जितकी मोठी तितकी ही खात्री वाढते. म्हणून मानकांत मोठ्या संख्यांना कमी फेऱ्या लागतात, ही पहिल्यांदा उलटी वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात सरळ आहे.

पण ही सवलत ‘संख्या मी स्वतः यादृच्छिक निवडली आहे’ या अटीवर मिळते. अट मोडली की सवलत गेली. संख्या दुसऱ्या कोणी पाठवली असेल, उदाहरणार्थ डिफी-हेलमन पद्धतीने गुप्त संवाद सुरू करताना समोरच्याने ‘ही घे मूळ संख्या’ म्हणून दिली असेल, तर पाच फेऱ्या म्हणजे खरोखरच १०२४ मध्ये एक. आणि पायेही यादृच्छिक नसतील, ठरलेलेच असतील, तर तीही हमी उरत नाही. बरेच प्रोग्रॅमर २, ३, ५, ७ असे पाये ठोकून देतात. स्पर्धेतल्या कोडला ते पुरते आणि सवय लागते. ३२१५०३१७५१ ही दहा अंकी संख्या १५१, ७५१ आणि २८३५१ यांचा गुणाकार आहे, तरी या चारही पायांना पास होते. पंचवीस अब्जांच्या आत अशी ती एकटीच आहे. म्हणून कोणी म्हणेल, किल्लीच्या आकाराला अशी संख्या योगायोगाने येणार कुठून? योगायोगाने येत नाहीच, ती बनवता येते. फ्रान्स्वा आर्नो यांनी १९९५ मध्ये ३९७ अंकी संयुक्त संख्या रचून दाखवली. ३०७ च्या आतल्या सगळ्या मूळ पायांना ती पास होते. २०१८ मध्ये अल्ब्रेख्ट, मासिमो, पॅटरसन आणि सोमोरोव्स्की यांनी नावाजलेल्या क्रिप्टोग्राफी लायब्ररींची कोडे याच नजरेने तपासली. काहींत पाये ठरलेले होते, काहींत फेऱ्या तुटपुंज्या होत्या, आणि रचलेल्या संयुक्त संख्या त्यांतून मूळ म्हणून पार झाल्या. एखादे कोड तपासायचे असेल तर दोनच गोष्टी आधी पाहाव्यात: पाया कुठून येतो, आणि संख्या परक्याची असू शकते का.

याच्या उलट टोकाचा बिघाड असा असतो की चाचणी अगदी बरोबर चालते आणि तरी किल्ली निकामी निघते. नादिया हेनिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे जोडीजोडीने मसावि काढले. मसावि काढणे अवयव पाडण्यापेक्षा खूप सोपे, शाळेतलेच युक्लिडचे गणित. दोन किल्ल्यांत एक मूळ संख्या सामाईक असेल तर ती लगेच बाहेर पडते आणि दोन्ही किल्ल्या फुटतात. टीएलएस वापरणाऱ्या सर्व्हर आणि उपकरणांपैकी अर्ध्या टक्क्याच्या खासगी किल्ल्या अशा हाती लागल्या. त्यांत मुख्यतः राउटर, फायरवॉल असली उपकरणे होती. पहिल्यांदा चालू होताच ती किल्ली बनवत, तेव्हा त्यांच्याजवळ यादृच्छिक म्हणावे असे काहीच जमलेले नसे, त्यामुळे एका मॉडेलच्या अनेक उपकरणांची पहिली मूळ संख्या तीच निघे. दुसरी शोधेपर्यंत घड्याळ किंचित पुढे-मागे होऊन वाटा फुटत. मिलर-राबिनला यात काही वावगे दिसणे शक्य नव्हते. त्या संख्या मूळच होत्या.

आणि एक प्रकरण डोंगलसारख्या वस्तूंच्या जास्त जवळचे. चिप हळू असते, ग्राहकाला थांबायचे नसते, मग कंपनी संख्या निवडतानाच हुशारी करते: लहान मूळ संख्यांनी भाग जाणार नाही अशी बांधणी करूनच उमेदवार संख्या बनवायची, म्हणजे चाळणीचा वेळ वाचतो. इन्फिनिऑनच्या चिपमधल्या लायब्ररीत २०४८ बिटांच्या किल्लीसाठी पहिल्या १२६ मूळ संख्यांचा गुणाकार घेत. त्या गुणाकाराने भागल्यावर ६५५३७ चा कोणतातरी घात बाकी उरेल, अशाच संख्या निवडत. चाळणी आपोआप झाली, वेळ वाचला. पण तो गुणाकार मूळ संख्येच्या आकाराच्या इतका जवळ होता की खरोखर यादृच्छिक भाग फारच थोडा उरला. शिवाय दोघींच्या गुणाकाराची बाकीही ६५५३७ चाच घात निघते, त्यामुळे नुसत्या जाहीर किल्लीवरून ‘ही त्या चिपची’ असे क्षणात ओळखता येते. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो इथल्या मासारिक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये हे उघड केले, आणि एस्टोनिया सरकारला साडेसात लाखांवर ओळखपत्रांची प्रमाणपत्रे थांबवावी लागली. या दोन प्रकरणांवर पुस्तकातली पाने जास्त खर्च झाली आहेत याची मला कल्पना आहे. चाचणीची सिद्धता कितीतरी ठिकाणी वाचायला मिळते. तिच्या आधीची पायरी कशी बिघडते हे क्वचितच नीट सांगितलेले असते.

संभाव्यतेशिवाय भागत नाही का, हे विचारले जातेच. भागते. कानपूर आयआयटीचे मणींद्र अग्रवाल आणि त्यांचे विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी ऑगस्ट २००२ मध्ये जी रीत जाहीर केली, ती कोणत्याही गृहीतकाविना, कोणत्याही यादृच्छिक निवडीविना, बहुपदी वेळात निश्चित उत्तर देते. अशी रीत असू शकते का हाच मोठा अनुत्तरित प्रश्न होता आणि तो त्यांनी मिटवला. किल्ली बनवायला मात्र ती कोणी वापरत नाही. १०२४ बिटांना ती मिलर-राबिनच्या मानाने फार मंद पडते, आणि मिलर-राबिनची चूक होण्यापेक्षा चिपमधला एखादा बिट उलटून निश्चित रीतीचेच उत्तर बिघडण्याची शक्यता जास्त असते. त्या रीतीसाठी शेवटचे प्रकरण राखले आहे, तिच्या सौंदर्यासाठी.

वाचकाकडून अपेक्षा फार नाहीत. भागाकारातली बाकी, घातांचे नियम आणि मसावि, एवढे आठवत असले की पहिली तीन प्रकरणे निभतील. कागद-पेन्सिल जवळ ठेवावी. सुरुवात ३४१ पासून करा: पाया २ घेतला तर ती फर्माच्या कसोटीत पास होते. ३४० म्हणजे ८५ ची चौपट, आणि २ चा दहावा घात १०२४ म्हणजे ३४१ ची तिप्पट अधिक एक. एवढ्या दोन गोष्टींवरून २ च्या ८५ व्या घाताची बाकी तोंडी निघते. ती काढा, तिचा एकदा वर्ग करा, आणि मग पहिले प्रकरण उघडा.